विम्याचे क्वेरी लेटर म्हणजे नकार नव्हे

आरोग्यविम्याचा दावा दाखल झाल्यावर कागदपत्रांत काही अपुरे आढळले, तर विमा कंपनी दावेदाराला त्याची पूर्तता करण्यास कळवते. या पत्राला क्वेरी लेटर म्हणतात. दावा फेटाळल्याचे पत्र वेगळे असते. त्यात नामंजुरीचे कारण आणि पॉलिसीतील कलम दिलेले असते. क्वेरी लेटरमध्ये मात्र दावा क्रमांक, हव्या असलेल्या कागदांची यादी आणि मुदत असते. त्यामुळे पत्र हाती येताच आधी ही यादी पाहावी.

एक उदाहरण घेऊ. एका टेलरचे हर्नियाचे ऑपरेशन झाले. बिल आधी घरातून भरले होते आणि पॉलिसी त्याच्याच नावावर होती. तो अंथरुणाला खिळलेला असल्याने पत्नीने फॉर्म भरून बिलांसह पाठवला. काही दिवसांनी इंग्रजीत पत्र आले. त्यातला ‘पेंडिंग’ हा शब्द तेवढा तिला कळला. पैसे बुडाले असे समजून तिने ते दोन दिवस मशीनच्या खणात ठेवले. शेवटी शेजारच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीने ते वाचून दाखवले. यादीत एकच ओळ होती: भाग ‘ए’मधील विमाधारकाच्या घोषणापत्रावर सही नाही. बिले, डिस्चार्ज कार्ड, बँकेचा तपशील यांबद्दल कंपनीची काहीच तक्रार नव्हती.

ही सही का लागते? दाव्याच्या फॉर्मचे दोन भाग असतात. भाग ‘ए’ विमाधारक भरतो, भाग ‘बी’ रुग्णालय सही-शिक्क्यासह भरून देते. भाग ‘ए’च्या शेवटी घोषणापत्र असते. दिलेली माहिती खरी आहे, खोटी ठरल्यास दाव्यावरचा हक्क जाईल आणि रुग्णालयाकडून वैद्यकीय माहिती घेण्यास संमती आहे, असे विमाधारक त्यात लिहून देतो. म्हणून पत्नीने पतीच्या नावाची सही स्वतः ठोकून देणे चुकीचे ठरते. शिवाय सही जुळली नाही, तर नवी शंका निघते. सही करणे शक्यच नसेल, तर साक्षीदारांसमोर अंगठा चालेल का, हे कंपनीला आधी विचारावे.

टेलरने घरीच बसून सही केली. पत्नीने सही केलेले पान, क्वेरी लेटरची प्रत आणि दावा क्रमांक लिहिलेला छोटा अर्ज कंपनीच्या कार्यालयात दिला आणि आपल्या प्रतीवर तारखेसह पोच घेतली. मूळ बिले पुन्हा मागितलेली नव्हती, त्यामुळे ती द्यावी लागली नाहीत. दाव्याचे काम पुढे सरकले.

पूर्तता करूनही कंपनी दाद देत नसेल, तर तिच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा ते समाधानकारक नसेल, तर विमा लोकपालाकडे जाता येते. महाराष्ट्रात त्याची कार्यालये मुंबई, ठाणे आणि पुणे येथे आहेत आणि तक्रारीला शुल्क लागत नाही. तिथे ती तारखेची पोच पुरावा म्हणून उपयोगी पडते.