डिस्चार्ज उद्या आहे, पण घर तयार आहे का?

मी एका हॉस्पिटलमध्ये मेडिकल सोशल वर्कर आहे. कुणाला डिस्चार्ज मिळाला की घरचे बिलाच्या रांगेत असतात, आणि मी टेप आणि वही घेऊन बसलेली असते. आज त्या वहीतली माझी चेकलिस्ट सांगते.

सुरुवातीला मी फॉर्मवर एकच प्रश्न विचारायचे, "घरी कोण आहे?" एका आजोबांच्या वेळी उत्तर आलं, "सून आहे ना." मी टिक केलं. सून सकाळी आठला कामावर जायची, संध्याकाळी सहाला यायची. आजोबा दिवसभर पाठीवरच पडून असायचे. थोड्याच दिवसांत ते परत आले, माकडहाडावर बेडसोअर घेऊन. तेव्हापासून मी "कोण आहे" असं विचारत नाही. "सकाळी सात ते रात्री सात, प्रत्येक तासाला कोण?" असं विचारते आणि तक्ता भरून घेते.

आता एक केस घेऊ. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आजी, खुब्याचं हाड मोडलं, अर्धा सांधा बदलला. घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, संडास भारतीय पद्धतीचा. तक्ता भरला तेव्हा कळलं की दुपारी बारा ते चार घरात कुणीच नसतं. नेमकं त्याच वेळी आजींना लघवीला उठायचं असतं. म्हणून त्या चार तासांसाठी शेजारच्या काकूंशी बोलून वेळ ठरवली आणि पहिल्या पंधरा दिवसांसाठी आया लावली.

मग सामान. लोक आधी व्हीलचेअर आणतात. पण साधारण व्हीलचेअर दोन फुटांच्या आसपास रुंद असते, आणि आपल्याकडे बाथरूमचं दार कित्येकदा तेवढंच असतं. म्हणून मी मुलाला म्हटलं, "दादा, दाराचं माप फोटोसकट व्हॉट्सॲपवर पाठवा." दार अरुंद निघालं. व्हीलचेअर रद्द केली, वॉकर आणि कमोड चेअर भाड्याने घेतली. या ऑपरेशननंतर उकिडवं बसणं, मांडी घालणं आणि फार बुटक्या जागी बसणं टाळायला सांगतात, कारण सांधा निसटू शकतो. त्यामुळे कमोड चेअरची सीट गुडघ्यापेक्षा थोडी उंच हवी. वॉकरची उंची कशी बघायची? आजी उभ्या राहिल्या आणि हात खाली सोडले की मूठ मनगटाच्या रेषेवर आली पाहिजे.

जिन्याचं काय? फिजिओथेरपिस्टने आजींना हॉस्पिटलच्याच जिन्यावर शिकवलं: चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी. मुलाला आधार द्यायला खालच्या बाजूला उभं केलं. आणि दोन मजले उगाच पुन्हा उतरायला नकोत, म्हणून टाके काढायला नर्स घरी येईल का ते आधीच विचारून ठेवलं.

औषधांचं मी एक करते. "घरातल्या सगळ्या स्ट्रिप पिशवीत घालून आणा," असं सांगते. आजींच्या पिशवीत बीपीची जुनी गोळी निघाली, आणि डिस्चार्ज कार्डावर तीच गोळी दुसऱ्या कंपनीच्या नावाने होती! दोन्ही घेतल्या असत्या तर बीपी उतरून चक्कर आली असती, आणि पुन्हा पडल्या असत्या. डॉक्टरांना दाखवून जुनी स्ट्रिप बाजूला काढली.

शेवटी सूनबाईंना म्हटलं, "ताई, आता तुम्ही मला सांगा, कधी लगेच फोन करायचा?" त्यांनी सांगितलं: पोटरी सुजली किंवा दुखली, जखमेतून पाणी आलं, ताप आला, पाय एकदम आखूड किंवा वाकडा दिसला. आणि अचानक दम लागला किंवा छातीत दुखलं तर फोनची वाट न बघता थेट १०८. "समजलं का?" विचारलं की सगळे "हो" म्हणतात. त्यांच्याच तोंडून ऐकलं की खरं कळतं.

तुमच्या घरातलं कुणी ॲडमिट असेल तर याचा स्क्रीनशॉट घ्या:

१. तासाचा तक्ता, रिकामे तास कोण भरणार
२. दार, पलंग, संडास यांची मापं
३. सामान डिस्चार्जच्या आदल्या दिवशी घरात
४. सगळ्या स्ट्रिप डॉक्टरांना दाखवल्या
५. पुढच्या तपासणीची तारीख, आणि नेणार कोण, कशाने
६. धोक्याची लक्षणं आणि एक चालू फोन नंबर

यातलं काही राहिलं असेल तर वॉर्डमध्ये सांगा, एक दिवस थांबायला मागा. मी दोन दिवसांनी आजींच्या घरी फोन केला. फोन आजींनीच उचलला. म्हणाल्या, "बाळा, मी खुर्चीत बसलेय, काकू चहा करतायत." वेळ बघितली, दुपारचा दीड.

भेटू पुढच्या भागात!