गढूळपणाचा आलेख

एका फ्लास्कमध्ये ५० मिलिलिटर एलबी, म्हणजे जिवाणूंसाठीचं प्रथिनयुक्त पिवळसर खाद्य. त्यात आदल्या रात्री वाढवलेल्या ई. कोलायच्या गढूळ द्रवाचे अर्धा मिलिलिटर टाकले आणि फ्लास्क ३७ अंशांवर शेकरमध्ये हलता ठेवला. दर वीस मिनिटांनी थोडा द्रव काढून स्पेक्ट्रोफोटोमीटरमध्ये त्याची ऑप्टिकल डेन्सिटी, म्हणजे ओडी, मोजली. अशा प्रयोगात साधारण कसे आकडे येतात, ते उदाहरणादाखल मांडतो.

| मिनिटं | ओडी |
|---|---|
| ० | ०.०४० |
| २० | ०.०४१ |
| ४० | ०.०४८ |
| ६० | ०.०८० |
| ८० | ०.१५ |
| १०० | ०.२९ |
| १२० | ०.५२ |
| १४० | ०.८४ |
| १६० | १.२५ |
| १८० | १.७५ |
| २४० | ३.१ |
| ३०० | ३.६ |
| ३६० | ३.७ |

मायक्रोबायॉलॉजीच्या विद्यार्थ्यांच्या जर्नलमध्ये या आकड्यांतून एक वळणदार रेघ निघते आणि तिच्या तीन भागांवर तीन नावं लिहिली जातात: लॅग, एक्स्पोनेन्शियल, स्टेशनरी. नावं लिहिणं सोपं आहे. ती नेमकी कुठे लिहायची हे मात्र साध्या आलेखावरून कळत नाही, उलट डोळा फसतो.

आधी ओडी म्हणजे काय ते पाहू. यंत्र जिवाणू मोजत नाही, पलीकडे किती प्रकाश पोचला एवढंच मोजतं. नळीत नुसतं एलबी भरून यंत्राला शून्य दाखवायचं, मग जिवाणूंचा द्रव भरायचा. पलीकडे निम्मा प्रकाश पोचला तर ओडी ०.३, दहावा हिस्सा पोचला तर १, शंभरावा पोचला तर २. हरवलेला प्रकाश जिवाणूंनी गिळलेला नसतो. धुक्यात गाडीच्या दिव्याचा झोत जसा इकडेतिकडे पसरतो, तसा तो जिवाणूंवर आदळून बाजूला विखुरतो. म्हणूनच ६०० नॅनोमीटरचा नारिंगी प्रकाश वापरतात. या रंगाला एलबीचा स्वतःचा पिवळेपणा फारसा आड येत नाही.

विखुरलेल्या प्रकाशातला किती भाग डिटेक्टरच्या बाहेर जातो, हे यंत्राच्या रचनेवर ठरतं. त्यामुळे तीच नळी दोन वेगळ्या यंत्रांत दोन वेगळे आकडे दाखवू शकते. ई. कोलायसाठी ओडी १ म्हणजे दर मिलिलिटरला अंदाजे ८० कोटी पेशी, असा ठोकताळा वापरतात. तो ठोकताळाच आहे, कारण पेशी मोठी झाली की तीच संख्या जास्त प्रकाश विखुरते. आपल्याकडे सुरुवातीला ०.०४ होती, म्हणजे मिलिलिटरला तीनेक कोटी.

आता आलेख काढू. साध्या कागदावर पाहिलं तर सगळ्यांत मोठी उडी १६० ते १८० मिनिटांच्या दरम्यान दिसते: १.२५ वरून १.७५, म्हणजे अर्ध्याने वाढ. ८० ते १०० मिनिटांत तर ०.१५ वरून ०.२९, जेमतेम ०.१४ ची वाढ. डोळा सांगतो की जिवाणू १६० नंतर खरा वेग घेतात आणि एक्स्पोनेन्शियल अवस्था तिथेच आहे. बहुतेक जर्नलांत ती तिथेच लिहिलेली असते.

पण जिवाणूची वाढ दुपटीची असते, बेरजेची नाही. एकाचे दोन, दोनाचे चार. म्हणून विचारायचं ते किती वाढले हे नाही, किती पटीने वाढले हे. ८० ते १०० मिनिटांत ओडी जवळजवळ दुप्पट झाली. १६० ते १८० मध्ये ती फक्त १.४ पट झाली. दुप्पट व्हायला पहिल्या जागी २१ मिनिटं लागत होती आणि दुसऱ्या जागी ४१. म्हणजे रेघ जिथे सर्वांत उभी दिसते, तिथे जिवाणूंचा वेग अर्ध्यावर आलेला आहे. तिथे ते आधीच खूप झालेले असल्यामुळे थोडी वाढही मोठी दिसते, इतकंच.

यावर उपाय म्हणजे सेमिलॉग कागद. त्याच्या उभ्या अक्षावर ०.१ ते ०.२ हे अंतर आणि १ ते २ हे अंतर सारखंच असतं, त्यामुळे ठरावीक वेळाने होणारी दुप्पट सरळ रेषेत उतरते. आपले आकडे त्यावर मांडले की ६० ते १०० मिनिटांचे बिंदू एका सरळ रेषेवर येतात. एक्स्पोनेन्शियल अवस्था म्हणायची ती एवढ्यालाच. रेषेच्या दोन टोकांवरून दुप्पटकाळ काढता येतो. ०.०८० वरून ०.२९ म्हणजे ३.६ पट, म्हणजे १.८६ दुपटी. चाळीस मिनिटांना १.८६ ने भागलं की साडेएकवीस मिनिटं. सहा तासांच्या प्रयोगात शुद्ध एक्स्पोनेन्शियल वाढ चाळीस मिनिटांची निघाली, हे पाहून विद्यार्थी जरा खट्टू होतात.

त्यात प्रयोगाचा दोष नाही, दोष एलबीचा आहे. पॅरिसमधल्या रिशार दारी आणि सहकाऱ्यांनी २००७ साली दाखवलं की एलबीमध्ये ई. कोलायची स्थिर वेगाची वाढ ओडी ०.३ च्या आसपासच मोडते. एलबी भरपूर पौष्टिक दिसतं, पण त्यात वापरता येण्याजोगी साखर फार थोडी असते. ती संपली की जिवाणू अमिनो आम्लं एकामागून एक खायला लागतात आणि प्रत्येक बदलाबरोबर वेग थोडा उतरतो. आपल्या आकड्यांतही १०० मिनिटांनंतर दुप्पटकाळ आधी २४ मिनिटं, मग २९, मग ३५ असा लांबत जातो. फ्रेंच जीवशास्त्रज्ञ झाक मोनो यांनी १९४९ मध्ये वाढीच्या तीन-चार नव्हे, सहा अवस्था सांगितल्या होत्या. एक्स्पोनेन्शियलच्या अलीकडे वेग चढण्याची आणि पलीकडे वेग उतरण्याची स्वतंत्र अवस्था त्यांनी धरली होती. पाठ्यपुस्तकांनी या दोन्ही गाळल्या, आणि माझ्या मते तिथेच गोंधळ सुरू झाला. आपल्या फ्लास्कचा १०० ते २४० मिनिटांचा मोठा तुकडा ना धड एक्स्पोनेन्शियल आहे ना स्टेशनरी.

आता सुरुवातीकडे येऊ. पहिली वीस मिनिटं ओडी जागची हलत नाही, चाळिसाव्या मिनिटाला किंचित चढते. हा लॅग. रात्रभर वाढलेला जिवाणू उपाशी, काटकसरीच्या स्थितीत असतो. प्रथिनं बनवणारे रायबोसोम त्याच्याकडे कमी असतात, ते आधी उभारावे लागतात. या तयारीत पेशी दुभंगण्याआधी मोठी होते, म्हणून ओडी आधी चढते आणि संख्या नंतर. जोरात वाढणाऱ्या फ्लास्कमधले जिवाणू त्याच तापमानाच्या ताज्या एलबीत टाकले तर लॅग जवळजवळ दिसतच नाही. फ्रिजमधून काढलेलं थंड एलबी वापरलं तर तो उगाच लांबतो.

लॅग किती मिनिटांचा, हे मोजायची रूढ रीत अशी: सेमिलॉग कागदावरची सरळ रेष मागे वाढवायची आणि ती सुरुवातीच्या ओडीला कुठे छेदते ते पाहायचं. आपली रेष ६० मिनिटांना ०.०८ वर आहे. एक दुप्पट मागे गेलं की ०.०४ येते, साडेअडतीस मिनिटांवर. म्हणजे लॅग सुमारे ३९ मिनिटांचा.

याच ठिकाणी मोठी फसगत होते. समजा, जिवाणू शंभरपट कमी टाकले. सुरुवातीची खरी ओडी ०.०००४ असेल, पण इतका सूक्ष्म फरक यंत्राला कळत नाही, ते शून्यच दाखवतं. जिवाणू लॅग संपवून मजेत दुप्पट होत असतात, तरी ०.०४ ला पोचायला त्यांना साडेसहा दुपटी लागतात. म्हणजे आणखी दोन तास वीस मिनिटांहून अधिक काळ आलेख तळाशी सपाट, आणि जर्नलमध्ये लिहिलं जातं: लॅग तीन तास. हा जिवाणूंचा लॅग नव्हे, ही यंत्राची नजर कमी पडली. खात्री करायची तर दोन फ्लास्क लावावेत, दुसऱ्यात दहापट कमी जिवाणू. दहापट म्हणजे ३.३ दुपटी, म्हणजे सुमारे ७१ मिनिटं. दुसरी सरळ रेष पहिलीपासून बरोबर एवढीच उजवीकडे सरकली, तर दोन्हींचा लॅग सारखाच आहे. त्याहून जास्त सरकली, तरच कमी जिवाणूंना लॅग खरोखर जास्त लागला म्हणायचं.

वरच्या टोकालाही अशीच गंमत आहे. द्रव फार दाट झाला की एका पेशीवरून विखुरलेला प्रकाश दुसऱ्या पेशीवर आदळून पुन्हा डिटेक्टरकडे वळतो. यंत्राला वाटतं प्रकाश कमी हरवला, आणि आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो. बहुतेक यंत्रांत ओडी ०.४ च्या पुढे हा फरक जाणवू लागतो. म्हणून दाट नमुना एलबीने दहापट पातळ करून मोजायचा आणि आकड्याला दहाने गुणायचं. आपल्या तक्त्यातला ३.७ हा असाच ०.३७ चा दहापट आहे. पातळ न करता मोजलं तर आलेख बराच खाली आणि लवकर सपाट होतो, आणि फ्लास्कमध्ये वाढ चालू असतानाच वहीत स्टेशनरी अवस्था सुरू झालेली असते. सपाटी दिसली की तोच नमुना दोन प्रमाणांत पातळ करून पाहावा. गुणून दोन्ही उत्तरं सारखी आली, तर ती सपाटी खरी.

आपली सपाटी खरी आहे. ३०० ते ३६० मिनिटांत ओडी ३.६ वरून ३.७ झाली, बस. खाण्याजोगं कार्बन संपत आलं आणि अमिनो आम्लं खाऊन सुटलेल्या अमोनियामुळे एलबी अल्कधर्मी झालं. पण स्टेशनरी म्हणजे सगळे जिवंत आणि स्वस्थ, असं ओडीवरून म्हणता येत नाही. मेलेली पेशी फुटली नाही तर जिवंत पेशीइतकाच प्रकाश विखुरते. फ्लास्क दोन-तीन दिवस तसाच ठेवला तर बहुतेक जिवाणू मरतात, तरी ओडी फारशी उतरत नाही. जिवंत किती हे पाहायचं तर द्रव पातळ करून आगराच्या प्लेटवर पसरायचा आणि दुसऱ्या दिवशी उगवलेल्या वसाहती मोजायच्या.

अशा जुन्या फ्लास्कमधून नवा प्रयोग सुरू केला की ही मेलेली गर्दी लॅगमध्ये उतरते. सुरुवातीची ओडी ०.०४, पण दहांतला एकच जिवंत असेल तर वाढणारे फक्त ०.००४ इतके. तेवढ्यांनी मेलेल्यांना मागे टाकायला तीन-सव्वातीन दुपटी लागतात, तोवर आलेख जवळजवळ सपाट राहतो. वरची सरळ रेष मात्र आधीच्याच उताराची निघते. उतार तोच आणि लॅग तेवढा तासाभराने लांबला, असं दिसलं तर एलबी किंवा शेकर तपासत बसण्याआधी कालच्या फ्लास्कमधला एक थेंब प्लेटवर टाकून पाहावा.