चार्जिंग पोर्टमधली ओल: इशारा कशाचा, उपाय कोणता आणि थांबायचे केव्हा

चार्जरची केबल लावताच फोनच्या पडद्यावर पाण्याच्या थेंबाचे चिन्ह येते आणि चार्जिंग सुरूच होत नाही. सॅमसंगच्या गॅलॅक्सी फोनवर या वेळी "Moisture detected" असा मजकूर दिसतो. आयफोनवर चार्जिंगच्या तोंडात द्रव सापडल्याचे आणि चार्जिंग उपलब्ध नसल्याचे सांगितले जाते. हा बिघाड नसतो. चार्जिंगच्या पोर्टमध्ये ओल असताना वीज आत जाऊ नये म्हणून फोनने स्वतःच केलेला तो अटकाव असतो. ओल गेली की अटकाव आपोआप उठतो. मात्र पोर्ट वाळवायचे म्हणून घरोघरी जे उपाय केले जातात, त्यांतल्या काहींनी पाण्यापेक्षा जास्त नुकसान होते.

आजच्या बहुतेक फोनना असलेले यूएसबी-सी पोर्ट सुमारे आठ मिलिमीटर रुंद आणि अडीच मिलिमीटर उंच असते. त्याच्या मधोमध एक पातळ जीभ असते आणि तिच्या दोन्ही बाजूंना प्रत्येकी बारा, अशा एकूण चोवीस धातूच्या पट्ट्या असतात. तंत्रज्ञ त्यांना पिना म्हणतात. एका पिनेच्या मध्यापासून शेजारच्या पिनेच्या मध्यापर्यंतचे अंतर अवघे अर्धा मिलिमीटर असते. कोरड्या पोर्टमध्ये शेजारच्या दोन पिनांमधून वीज जवळजवळ वाहतच नाही. त्यांच्यावर पाण्याचा थर आला की तिला वाट मिळते. फोन काही ठरावीक पिनांवर अतिशय क्षीण प्रवाह सोडून ही वाट उघडली आहे का, हे तपासतो. म्हणजे फोनला पाणी 'दिसत' नाही. दोन पिनांमधला विद्युतरोध घटल्याचे त्याला कळते, आणि त्याचा अर्थ तो ओल असा लावतो. हा मुद्दा ध्यानात असला की पुढच्या बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो. घाम, समुद्राचे पाणी, सरबत, ओला धूळकण किंवा गंजाचा थर यांपैकी काहीही हीच वाट तयार करू शकते. केबलच्या टोकात ओल असली तरी इशारा येतो.

चार्जिंग चालू असताना पोर्टमध्ये ओल राहिली तर पिनांवर विद्युत विच्छेदन सुरू होते. धन बाजूच्या पिनेवरचा सोन्याचा अत्यंत पातळ मुलामा उखडतो आणि त्याखालचा तांब्याचा धातू झिजून हिरवट किंवा काळपट क्षार साचतो. जलद चार्जिंगमध्ये पाच व्होल्टऐवजी नऊ, पंधरा किंवा वीस व्होल्टपर्यंत दाब दिला जातो, त्यामुळे ही झीज आणखी वेगाने होते. पिनांमधून वीज भलतीकडे वाहू लागली तर पोर्ट तापते आणि त्याभोवतीचे प्लास्टिक वितळू शकते. एकदा गंजलेली पिन पुन्हा पूर्ववत होत नाही.

फोन पाण्यापासून सुरक्षित असल्याची आयपी 68 ही खूण असली, तरी हा इशारा येतो. त्यात विरोधाभास नाही. ही खूण ठरावीक खोलीच्या गोड्या पाण्यात ठरावीक वेळ फोन बुडवल्यास पाणी आतल्या भागांपर्यंत पोहोचत नाही, एवढेच सांगते. पोर्ट बाहेरून उघडे असते आणि ते भिजणारच. त्याच्या मागची जोडणी रबराच्या किंवा गोंदाच्या सीलने बंद केलेली असते, म्हणून पाणी पुढे जात नाही. वापराने आणि पडझडीने हे सील सैल होत जाते.

इशारा आल्यावर पहिले काम केबल काढण्याचे. त्याआधी भिंतीवरचे बटण बंद करावे. जुन्या रुंद तोंडाच्या चार्जरला जोडलेल्या केबलच्या टोकावर, फोन जोडलेला नसतानाही, पाच व्होल्ट असतातच. म्हणून ओले टोक चालू चार्जरवर ठेवणे बरे नव्हे. मग फोन बंद करून, कव्हर काढून, मऊ कोरड्या कापडाने बाहेरून पुसावा. पोर्ट खाली येईल असा फोन हातात धरून तो तळहातावर हलकेच आपटावा. यामुळे पोर्टमधले मोठे थेंब बाहेर पडतात. केबलचे टोकही पुसून वेगळे वाळत ठेवावे.

इथपर्यंत हाताने करण्यासारखे आहे, पुढे नाही. जिभेच्या वर आणि खाली उरलेली फट एक मिलिमीटरपेक्षाही कमी असते. एवढ्या अरुंद जागेत पाणी पृष्ठताणामुळे पातळ थर होऊन चिकटून राहते. कितीही झटकले तरी हा थर पडत नाही, तो बाष्प होऊनच जातो. म्हणून फोन पोर्ट खाली करून, टेबलफॅनची साधी हवा पोर्टकडे जाईल असा ठेवावा आणि किमान अर्धा तास थांबावे. अॅपलने आयफोनसाठी सांगितलेली मुदतही हीच आहे: अर्ध्या तासानंतर एकदा केबल लावून पाहावी, इशारा पुन्हा आल्यास कोरड्या, हवेशीर जागी एक दिवसापर्यंत ठेवावा. दर पाच मिनिटांनी केबल लावून पाहणे मात्र टाळावे. प्रत्येक वेळी केबलचे टोक पोर्ट बंद करते, हवेची वाट अडते आणि उरलेले पाणी पिनांखाली ढकलले जाते.

किती वेळ लागेल हे बरेचसे हवेवर अवलंबून असते. मुंबईत जुलैच्या एखाद्या संध्याकाळी कोणी लोकलमधून भिजत घरी पोहोचला, फोन खिशात ओला झाला, बॅटरी पंधरा टक्क्यांवर आहे आणि चार्जर लावताच इशारा आला, असे समजू. खोलीतल्या हवेची आर्द्रता नव्वद टक्के असेल, तर हवेत आणखी बाष्प सामावायला दहा टक्केच जागा उरते. आर्द्रता पन्नास टक्के असलेल्या खोलीत, तापमान तेवढेच असताना, हीच जागा पन्नास टक्के असते. म्हणजे पावसाळी खोलीत पाणी सुमारे पाचपट हळू सुकेल, आणि दुसऱ्या ठिकाणी अर्ध्या तासात होणारे काम इथे अडीच तासांवर जाईल. अशा वेळी खिडकी उघडून ओली हवा आत घेण्यापेक्षा, एसी असल्यास त्या खोलीत पंख्यासमोर फोन ठेवणे योग्य, कारण एसी हवेतले पाणी काढून टाकतो. एसी नसेल तर घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या ताज्या पुड्यांसोबत फोन ठेवता येतो. पुड्या फोडू नयेत. रात्री नऊला ठेवलेला फोन साडेनऊला तपासला आणि इशारा कायम असला, तर पुढची तपासणी सकाळी करणेच शहाणपणाचे. मधल्या वेळेसाठी पंधरा टक्के बॅटरी बंद फोनमध्ये जवळपास तशीच राहते. एक खबरदारी मात्र घ्यावी: एसीत थंड झालेला फोन एकदम दमट हवेत आणल्यास त्याच्यावर दव धरते आणि पोर्ट पुन्हा ओले होऊ शकते.

घाईत केले जाणारे उपाय इथेच अडचणीचे ठरतात. हेअर ड्रायरच्या गरम झोताने सीलचा गोंद सैल होतो आणि बॅटरीला इजा होते. दाबाखालची हवा मारली तर पाणी बाहेर येण्याऐवजी सीलच्या पलीकडे जाऊ शकते. कापसाची काडी, टिश्यू पेपर किंवा टाचणी आत घातल्यास तंतू अडकतात किंवा पिना वाकतात. तांदळाच्या डब्यात फोन पुरणे हा तर लोकप्रिय उपाय. तांदूळ फटीतला थर ओढून घेत नाही, पण त्याची भुकटी आणि बारीक कण पोर्टमध्ये जातात. अॅपलनेही तांदूळ वापरू नये असे स्पष्ट सांगितले आहे.

तातडी असल्यास एक सुरक्षित मार्ग आहे. फोनमध्ये वायरलेस चार्जिंगची सोय असेल, तर फोनची पाठ आणि चार्जिंग पॅड दोन्ही नीट पुसून फोन त्यावर ठेवावा. या पद्धतीत वीज पोर्टमधून जात नाही, म्हणून ओल्या पिनांना धोका पोहोचत नाही. आयफोनवर "Emergency Override" हा पर्याय दिसतो. तो इशारा बाजूला सारून चार्जिंग सुरू करतो, पण ओल तिथेच राहते. खऱ्या संकटात एखादा फोन करण्यापुरताच त्याचा विचार करावा. काही फोन बंद केल्यावर इशाऱ्याविना चार्ज होतात असे दिसते. तीही तपासणी चुकवण्याचीच वाट आहे आणि पोर्ट भिजलेले असताना ती टाळावी.

पाणी कसले होते यावरही पुढचे ठरते. गोडे पाणी सुकून गेले की मागे फारसे काही उरत नाही. समुद्राचे पाणी, घाम किंवा शीतपेय सुकल्यावर मात्र मीठ आणि साखर पिनांवर राहते. मीठ हवेतली ओल पुन्हा शोषून घेते. कोकण किंवा गोव्याच्या किनाऱ्यावर भिजलेला फोन सकाळी ठीक वाटतो आणि दमट संध्याकाळी पुन्हा इशारा देतो, याचे कारण हेच. इथे नुसते थांबून उपयोग नाही. पाण्यापासून संरक्षण असलेला, फुटतूट नसलेला फोन असेल तर चार्जर न जोडता बाधित भाग स्वच्छ गोड्या पाण्याने हलकेच धुवावा आणि मग वाळवण्याची सगळी प्रक्रिया नव्याने करावी. असे संरक्षण नसलेल्या फोनला पाणी लावू नये, तो सेवा केंद्रात न्यावा.

एक दिवस कोरड्या हवेत ठेवूनही इशारा जात नसेल, तर कारण ओल नसण्याची शक्यता वाढते. आधी दुसरी, खात्रीने कोरडी केबल आणि दुसरा चार्जर लावून पाहावा. इशारा फक्त एकाच केबलने येत असेल तर दोष त्या केबलचा. मग टॉर्चच्या उजेडात पोर्ट पाहावे. खिशातले धागे आत दबून बसलेले असतील तर ते ओल धरून ठेवतात. हिरवा, पांढरा किंवा काळा थर दिसला तर तो गंज असतो आणि घरी खरवडल्याने पिना तुटतात. पोर्ट स्वच्छ आणि कोरडे असूनही सॅमसंगचा फोन इशारा देत असेल, तर तो बंद करून पुन्हा सुरू करावा. तरीही फरक न पडल्यास Settings मधून Apps मध्ये जाऊन सिस्टीमची अॅप्स दाखवणारा पर्याय निवडावा, USBSettings उघडून Storage मधील Clear cache दाबावे आणि फोन पुन्हा सुरू करावा. ही कृती फोनमध्ये अडकून राहिलेला जुना इशारा काढण्यासाठी आहे, ओल घालवण्यासाठी नाही.

कॅमेऱ्याच्या काचेच्या आत वाफ धरली, आवाज घोगरा आला किंवा पडद्यावर डाग दिसू लागले, तर पाणी पोर्टपुरते राहिलेले नाही. फोन लगेच बंद करून सेवा केंद्रात द्यावा, कारण आतल्या सर्किटवर गंज चढण्याची प्रक्रिया दर तासाला पुढे सरकत असते. गंजलेले किंवा तापणारे पोर्ट बदलावे लागते. बऱ्याच फोनमध्ये हा भाग मुख्य सर्किटपासून वेगळ्या छोट्या बोर्डावर असतो, तेव्हा संपूर्ण फोन न बदलता तेवढाच भाग बदलून काम होते. द्रवामुळे झालेले नुकसान साधारणतः वॉरंटीत बसत नाही, त्यामुळे दुरुस्ती सुरू होण्याआधी खर्चाचा अंदाज विचारून घ्यावा.