‘द’ म्हणजे ‘तो’ नव्हे

इंग्रजीतून मराठी करताना ‘अ’ दिसला की ‘एक’ आणि ‘द’ दिसला की ‘तो’ लिहिण्याची सवय बरीच पसरली आहे. ही उपपदे (नाम ओळखीचे की नवे, हे सांगणारे शब्द) मराठीत नाहीत. वडूजच्या एसटी स्टँडवर ‘गाडी आली का?’ एवढे विचारले, तरी कोणती गाडी ते शेजाऱ्याला कळते. तसेच काम मराठीत बऱ्याचदा शब्दक्रम करतो. ‘अंगणात बैल आहे’ यात बैल नवा, तर ‘बैल अंगणात आहे’ यात ओळखीचा. इथे ‘तो बैल’ लिहिले, तर दुसराही बैल असल्याचा भास होतो. ‘वडील एक शिक्षक आहेत’ यातला ‘एक’ तर निव्वळ इंग्रजीचा.

अनेकवचनाचे तसेच. ‘बैल’ दोन्ही वचनांत सारखाच राहतो. वचन कळते ते ‘आला’, ‘आले’ या क्रियापदांवरून किंवा ‘बैलाला’, ‘बैलांना’ या रूपांवरून. खरी अडचण ‘पुसेगावच्या यात्रेत बैल विकणार आहे’ अशा वाक्यात येते, कारण इथे क्रियापद काहीच सांगत नाही. मूळ वाक्यात अनेकवचन असेल, तर संदर्भ पाहून ‘बैलजोडी’ किंवा ‘दोन्ही बैल’ लिहावे. ‘दोन बैल’ कुठलेही असतील. ‘दोन्ही बैल’ मात्र आधीच ठाऊक असलेले. त्या ‘ही’मध्ये ‘द’ आपोआप येतो.