हिवतापाची चौदा दिवसांची गोळी आणि जी६पीडी

तुकईथडसारख्या सातपुड्याच्या जंगलपट्ट्यात पोराला थंडी वाजून ताप आला की आधी हिवताप आठवतो. व्हायव्हॅक्स हिवताप निघाला, तर क्लोरोक्विनसोबत चौदा दिवस प्रायमाक्विन देतात, कारण ही गोळी यकृतात दडलेले जंतू मारते. जी६पीडी हे विकर कमी असलेल्या मुलाला मात्र हीच गोळी घातक ठरते. या विकराविना तांबड्या पेशींना औषधाचा मारा सोसत नाही, त्या फुटतात. दोन-तीन दिवसांत लघवी काळ्या चहासारखी होते, डोळे पिवळे पडतात, मूल पांढरंफटक दिसतं. तसं झालं तर गोळी थांबवून लगेच दवाखाना गाठा. हा दोष मुलग्यांना आईकडून येतो आणि त्यांच्यातच जास्त दिसतो, म्हणून मामाला असा त्रास झाला होता का, हे डॉक्टरांना जरूर सांगा.

अशा मुलालाही क्लोरोक्विन चालतं. प्रायमाक्विन डॉक्टरांच्या देखरेखीत आठवड्यातून एकदाच, आठ आठवडे देता येतं. बारा किलोच्या मुलाला दर खेपेला ९ मिलिग्रॅम.

डॅप्सोन, नायट्रोफ्युरँटॉइन टाळा. कपड्यांतल्या डांबरगोळ्याही दूर ठेवा. तापाला अ‍ॅस्पिरिन नको, पॅरासिटामॉल द्या: बारा किलोला एका वेळी १२० ते १८० मिलिग्रॅम, सहा तासांच्या अंतराने. बाटल्यांची ताकद वेगवेगळी असते, म्हणून चमच्यावर न जाता लेबल वाचा. जंतुसंसर्गावर डॉक्टर बहुधा अमॉक्सिसिलिन देतात, ते चालतं.

पेशी नुकत्याच फुटलेल्या असताना जी६पीडीची तपासणी खोटी ‘नॉर्मल’ येऊ शकते. ती तीन महिन्यांनी पुन्हा करावी.