न आलेला मेल

३१ जानेवारी २०१७ च्या रात्री गिटलॅब कंपनीतल्या एका इंजिनिअरने डेटा पुसण्याची आज्ञा भलत्याच सर्व्हरवर दिली. ती थांबवेपर्यंत सुमारे ३०० जीबी डेटा गेला होता. बॅकअप शोधायला गेले, तर रोजची प्रत साठायची ती जागा रिकामी! डेटाबेस नव्या आवृत्तीचा आणि बॅकअप घेणारं सॉफ्टवेअर जुन्या आवृत्तीचं, त्यामुळे बॅकअप होतच नव्हता.

बॅकअप फसला की मेल यावा, अशी सोय तिथे होती. मेल निघतही होते. पण पाठवणारा खरा आहे हे पटवणारी डिजिटल सही त्यांच्यावर नव्हती, म्हणून ते वाटेतच नाकारले जात. मेल नाही म्हणजे सगळं ठीक, असं धरून सारे निर्धास्त. कुणीतरी सहा तास आधी दुसऱ्याच कामासाठी एक प्रत काढली होती, तिच्यावर निभावलं. मधल्या सहा तासांतलं बरंचसं मात्र गेलं ते गेलंच.

यावर उपाय म्हणजे उलटी रीत. काम फत्ते झालं की मेल पाठवायचा आणि तो आला नाही तर ओरडायचं. हे ओरडणं माणसावर सोडून चालत नाही. रोज सकाळी दहा रिपोर्ट येत असतील आणि एखाद्या दिवशी नऊच आले, तर कुणाच्या लक्षात येणार? आलेली गोष्ट दिसते, न आलेली दिसत नाही.

समजा, बॅकअप रात्री दोनला सुरू होतो आणि पावणेतीनपर्यंत रिपोर्ट येतो. पहारा देणारा प्रोग्रॅम चार वाजता मेलबॉक्स उघडून आजच्या तारखेचा रिपोर्ट शोधतो. सव्वा तासाची सवलत मुद्दाम दिलेली असते. कधी डेटा जास्त असतो, कधी मेल सर्व्हर अनोळखी मेलला थोड्या वेळाने परत यायला सांगतो. तीनलाच ठणाणा सुरू केला, तर आठवड्यातून दोनदा खोटी हाक येईल आणि लोक फोन सायलेंटवर टाकून झोपतील.

नुसता मेल आला, एवढ्यावरही समाधान मानू नये. विषयात ‘यशस्वी’ हा शब्द आहे का, आणि प्रत कालच्याएवढीच मोठी आहे का, हेही बघावं. काल ४० जीबी होती आणि आज चारशे केबी असेल, तर मेल वेळेवर येऊनही उपयोग शून्य.

पहारेकरी बॅकअपच्याच सर्व्हरवर ठेवू नये, कारण तो सर्व्हर बंद पडला की दोघंही गप्प. इशाराही मेलने नको. मेलच अडला असेल तर तोही अडेल. एसएमएस किंवा फोन बरा. आणि महिन्यातून एकदा कुणालाही न सांगता रिपोर्ट मुद्दाम रोखून ठेवावा. चारनंतर फोन वाजला नाही, तर आधी पहारेकऱ्याची दुरुस्ती करावी.