729–735.e10 म्हणजे नेमकी किती पानं?

सप्टेंबर 2019 मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्वज्ञ वसंत शिंदे आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा राखीगढीच्या प्राचीन डीएनएवरचा निबंध ‘सेल’मध्ये आला. त्याच सुमाराला नरसिंहन आणि शंभराहून अधिक सहलेखकांचा दक्षिण व मध्य आशियाच्या लोकसंख्येवरचा निबंध ‘सायन्स’मध्ये आला. तेव्हापासून हडप्पा संस्कृतीवर काही लिहायचं म्हटलं की हे दोन निबंध संदर्भसूचीत येतातच. नांदगाव, मनमाडकडची मुलं पुणे विद्यापीठासाठी इतिहासाचा प्रबंध लिहितात तेव्हाही येतात, आणि बहुतेक वेळा चुकीचे येतात. चूक लेखकांच्या नावात किंवा वर्षात नसते. मुख्य निबंधाला जोडलेल्या ऑनलाइन मजकुराचा हवाला कसा द्यायचा, इथे गाडी अडते.

पहिला घोटाळा पानांच्या आकड्यात. ‘सेल’मधल्या निबंधाची पानं 729–735.e10 अशी छापलेली दिसतात. विद्यार्थ्याला वाटतं, e10 हा कॉपी-पेस्ट करताना आलेला कचरा आहे, आणि तो काढून टाकतो. काही गाईडही तसंच सांगतात. खरं तर 729 ते 735 ही छापील अंकातली पानं, आणि e1 ते e10 ही त्याच निबंधाची फक्त ऑनलाइन असलेली पानं. ‘सेल’ने 2016 पासून संशोधनपद्धतीचा सविस्तर भाग या e-पानांवर न्यायला सुरुवात केली. नमुना कुठून घेतला, हाडाची पूड कशी काढली, प्रयोगशाळेत काय केलं, हा तपशील तिथे असतो. म्हणजे e10 काढलं की निबंधाचा दहा पानांचा भाग तुमच्या संदर्भातून गळतो.

इथेच दुसरा गैरसमज चिकटलेला असतो, की ही e-पानं म्हणजेच पुरवणी. तसं नाही. e-पानं निबंधाच्याच पीडीएफमध्ये असतात, त्यांना सलग क्रमांक असतात आणि ती निबंधाचा भाग म्हणूनच तपासली, संपादित केली जातात. छापील निबंधाच्या शेवटी येणाऱ्या परिशिष्टासारखंच त्यांचं स्थान आहे, त्यामुळे हवाला देताना फक्त पान सांगायचं. समजा, तुम्हाला हवी असलेली माहिती तिसऱ्या ऑनलाइन पानावर आहे, तर मजकुरात (शिंदे व इतर, 2019, पृ. e3) एवढं पुरतं. आणि राखीगढीच्या 61 नमुन्यांपैकी एकातूनच कामाचा डीएनए मिळाला, एवढंच लिहायचं असेल तर ते मुख्य मजकुरातच आहे. त्यासाठी e-पानांपर्यंत जायची गरज नाही.

पुरवणी वेगळी असते. ती स्वतंत्र फाइल म्हणून उतरवावी लागते. ‘सेल’च्या प्रकाशकाकडच्या या फाइलींची नावं `mmc1.pdf`, `mmc2.xlsx` अशी असतात. डाउनलोडच्या फोल्डरमध्ये पाच निबंधांच्या पाच `mmc1.pdf` जमा होतात आणि कोणती कोणाची हे महिन्याभराने कोणालाच सांगता येत नाही. उतरवताच लेखकाचं नाव आणि वर्ष घालून फाइलचं नाव बदलावं. संदर्भसूचीत ‘mmc1.pdf’ अशी नोंद मी पाहिली आहे. तिच्यावरून जगातल्या कोणत्याही ग्रंथपालाला काहीही शोधता येणार नाही.

त्या नोंदीमागची समजूत अशी की वेगळी फाइल म्हणजे वेगळा संदर्भ. पण बहुतेक पुरवण्यांना स्वतःचं शीर्षक, स्वतःचे लेखक, स्वतःचा डीओआय यांतलं काहीच नसतं. त्या निबंधाच्या आधाराने उभ्या असतात. म्हणून सूचीत नोंद करायची ती निबंधाची, आणि पुरवणीतली नेमकी जागा सांगायची ती मजकुरात. नरसिंहन यांच्या निबंधाची पुरवणी शेकडो पानांची आहे आणि शिवाय एक्सेलचे तक्ते वेगळे. तिथे नुसतं (नरसिंहन व इतर, 2019) लिहिणं म्हणजे वाचकाला शेतात सोडून सुई शोधायला सांगणं. (नरसिंहन व इतर, 2019, पुरवणी, तक्ता S1) असं लिहिलं की काम झालं. S हे अक्षर टाकायला विसरू नये, कारण मुख्य निबंधातही तक्ता 1 असू शकतो. पुरवणीच्या पीडीएफला पानांचे क्रमांक असतील तर तेही द्यावेत.

सूचीतल्या नोंदीत ‘सायन्स’च्या बाबतीत पान क्रमांकाच्या जागी eaat7487 येतं. हा लेखक्रमांक आहे. अशा निबंधांचा छापील अंकात एका पानाचा सारांश येतो आणि पूर्ण निबंध ऑनलाइन असतो. त्यामुळे छापील सारांशाचं पान देऊन आतल्या तपशिलाचा हवाला दिला तर तो तपशील त्या पानावर सापडणारच नाही.

पुरवणीला स्वतःचा डीओआय नसतो, याला अपवाद आहे. ‘प्लॉस’च्या नियतकालिकांत प्रत्येक पुरवणी फाइलला निबंधाच्या डीओआयच्या शेवटी `.s001` असं शेपूट जोडून स्वतंत्र डीओआय मिळतो. तिथे तो डीओआय जरूर द्यावा. फक्त निबंधाची नोंद गाळून नव्हे, तिच्या जोडीला. आणि लेखकांनी विदा एखाद्या सार्वजनिक संग्रहात ठेवला असेल, जसा प्राचीन डीएनएचा युरोपियन न्यूक्लिओटाइड अर्काइव्हमध्ये असतो, आणि तुम्ही तो उतरवून स्वतः तपासला असेल, तर त्या संग्रहातल्या नोंदक्रमांकाची स्वतंत्र नोंद करायची. नुसता निबंध वाचून आकडा उचलला असेल तर तिथवर जायची गरज नाही.

सर्वांत महागात पडणारी चूक आवृत्तीची आहे. नरसिंहन यांच्या निबंधाचा मसुदा मार्च 2018 मध्ये ‘बायोआर्काइव्ह’वर आला होता (`10.1101/292581`). तो मोफत, त्याची पुरवणीही मोफत, त्यामुळे गावाकडे बसून काम करणाऱ्याच्या हाती आधी तोच लागतो. मग सूचीत मात्र 2019 चा ‘सायन्स’मधला निबंध (`10.1126/science.aat7487`) टाकला जातो, कारण तो भारदस्त दिसतो. दोन्हींत फरक आहे. मसुद्यात 362 प्राचीन व्यक्तींचा डीएनए आहे, छापलेल्या निबंधात नव्याने दिलेल्या 523 व्यक्तींचा. तुमच्या प्रबंधात 362 आकडा आणि शेजारी 2019 चा हवाला असेल, तर परीक्षकाला तुम्ही काय उघडून वाचलं ते लगेच कळतं. जो वाचला त्याचाच हवाला द्यावा. मसुदा वाचला असेल तर मसुद्याचा.

पुरवणीच्या फाइलीचा थेट दुवा तळटीपेत चिकटवण्याची सवयही सोडलेली बरी. ‘सायन्स’चं संकेतस्थळ 2021 मध्ये sciencemag.org वरून science.org वर गेलं, आणि असे पत्ते बदलले की जुन्या तळटीपा उघड्या पडतात. डीओआय त्यासाठीच असतो. निबंधाच्या पानावर पोचलं की पुरवणीची यादी तिथेच दिसते.

पुरवणी परीक्षकांनी तपासलेली नसते, असंही छातीठोक सांगितलं जातं. ‘सायन्स’सारखी नियतकालिकं ती परीक्षकांकडे पाठवतात, पण अनेक ठिकाणी तिचं भाषासंपादन होत नाही आणि ती लेखकांनी दिली तशीच चढवली जाते. शेकडो पानं परीक्षकाने किती बारकाईने वाचली असतील हा प्रश्न उरतोच. ‘जर्नल ऑफ न्यूरोसायन्स’ने तर नोव्हेंबर 2010 पासून पुरवणी घेणंच बंद केलं. म्हणून पुरवणीतल्या तक्त्यातला आकडा उचलताना तो मुख्य मजकुरातल्या आकड्याशी जुळतो का, हे एकदा ताडून पाहावं.

उलट बाजूही आहे. तुमच्या एखाद्या लेखाचा उल्लेख कोणी पुरवणीतल्या संदर्भसूचीत केला, तर तो उद्धरणांच्या मोजणीत येईलच असं नाही, कारण मोजणाऱ्या सूची सहसा मुख्य निबंधाचीच संदर्भयादी वाचतात. ‘सायन्स’ने यावर उपाय म्हणून पुरवणीतले संदर्भही मुख्य निबंधाच्या यादीला जोडायला सुरुवात केली. त्यांच्या निबंधाच्या शेवटी असे क्रमांक दिसतात, जे मुख्य मजकुरात कुठेच सापडत नाहीत. ते पुरवणीतले.